मूल नाही, म्हणून अर्धं घर सासऱ्यांचं?
विशेष विवाह कायद्याने लग्न केलेल्या आंतरधर्मीय दांपत्यांच्या वारसाहक्काविषयी जाहीर पत्रक



दोन धर्मांची माणसं धर्म न बदलता लग्न करू शकतात, ती १९५४ च्या विशेष विवाह कायद्यामुळे. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, विवाह अधिकाऱ्यासमोर सही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या सहीबरोबर आपल्या मालमत्तेचा वारसा कोणत्या कायद्याने ठरणार हेही बदलतं, आणि ते तिथे कोणी सांगत नाही. जोडीदार गेल्यावर, तेराव्यानंतर किंवा चाळिसाव्यानंतर, कागद काढायला बसलं की ते कळतं. तेव्हा उशीर झालेला असतो.

या कायद्याचं कलम २१ सांगतं की, अशा दांपत्याच्या आणि त्यांच्या मुलांच्या मालमत्तेचा वारसा १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ठरेल. नवरा हिंदू असला तरी हिंदू वारसा कायदा लागत नाही. बायको मुसलमान असली तरी शरियतचे हिस्से लागत नाहीत. दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर मात्र १९७६ साली घातलेल्या कलम २१-अ मुळे ती हिंदू वारसा कायद्यातच राहतात. म्हणजे हिंदूने बौद्धाशी लग्न केलं तर एक नियम, ख्रिश्चनाशी केलं तर दुसरा.

हा दुसरा नियम काय करतो ते एका कल्पित उदाहरणातून पाहा. पुण्यातलं एक जोडपं. नवरा हिंदू, बायको ख्रिश्चन. दोघांनी मिळून हप्ते फेडले, पण साठ लाखांचा फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर. बँकेत बारा लाखांची ठेव, तीही त्याच्याच नावावर. कर्ज काही उरलेलं नाही. मृत्युपत्र न करता तो अपघातात गेला. मागे एकूण बहात्तर लाख.

दोन मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश, म्हणजे चोवीस लाख. उरलेले अठ्ठेचाळीस लाख मुलांना सारखे. मुलगा-मुलगी भेद नाही. पण नवऱ्याच्या आईला एक रुपयाही नाही, मग ती त्याच्याच जिवावर जगत का असेना. हिंदू वारसा कायद्यात तीच आई पहिल्या वर्गाची वारस असती आणि तिला चौथा हिस्सा मिळाला असता.

मूल नसेल तर अन्याय आणखी वाढतो. तेव्हा विधवेला अर्धं, छत्तीस लाख. उरलेले छत्तीस लाख नवऱ्याचे वडील हयात असतील तर सगळे वडिलांना. आई शेजारी बसलेली असली तरी तिला काही नाही. वडील आधीच गेले असतील तरच आईची पाळी येते, आणि तीही नवऱ्याच्या भावाबहिणींबरोबर. एक भाऊ, एक बहीण असेल तर आईला बारा, भावाला बारा, बहिणीला बारा.

आता त्या बाईच्या जागी उभे राहा. फ्लॅट साठ लाखांचा, तिचा वाटा छत्तीसचा. घर ठेवायचं तर आख्खी ठेव सासऱ्यांना देऊन वर चोवीस लाख उभे करायचे, नाहीतर घर विकायचं. आणि हे सासरे कोण? आंतरधर्मीय लग्नांत पुष्कळदा तेच, ज्यांनी नोटीस लागली तेव्हा हरकत घेतली, मुलाशी बोलणं टाकलं. त्यांच्या रागाची कायद्याला कल्पना नाही, असं म्हणून सोडून देता येत नाही. असं लग्न शक्य व्हावं म्हणून जो कायदा केला, त्याने निदान त्या लग्नातून उभं राहिलेलं घर तरी राखायला हवं. बायको आधी गेली तर विधुराच्याही वाट्याला हेच येतं. तिच्या नावावरचं अर्धं तिच्या वडिलांकडे जातं.

आईला डावलून बापाला देणारा हा नियम आपल्याकडे आला १८६५ च्या भारतीय वारसा कायद्यातून. तो इंग्रजी कायद्यावर बेतलेला होता, आणि १९२५ साली तोच नव्या कायद्यात उतरवला गेला. त्याच १९२५ साली इंग्लंडने आपल्या देशात आई आणि वडील यांना सारखा वाटा देणारा कायदा केला. ज्यांच्याकडून नियम घेतला त्यांनी तो टाकला. आपण शंभर वर्षं सांभाळला. भारताच्या विधी आयोगाने २०१४ मध्ये, आपल्या २४७ व्या अहवालात, आईला वडिलांच्या बरोबरीने ठेवण्यासाठी याच कलमांच्या दुरुस्तीची शिफारस केली. ती संसदेने अंमलात आणावी, ही आमची एक मागणी.

गोव्याकडेही पाहा. तिथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर दांपत्याच्या सामाईक मालमत्तेत दोघांचा अर्धा-अर्धा हक्क आधीच असतो, धर्म कुठलाही असो. जोडीदार गेल्यावर वारसा उघडतो तो फक्त त्याच्या अर्ध्याचा. आमच्या उदाहरणातल्या बाईने वर्षानुवर्षं हप्ते भरले, तरी फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असल्याने तिचे पैसे कुठे दिसतच नाहीत. ते सिद्ध करायला तिला कोर्टात जावं लागेल.

“मृत्युपत्र करा म्हणजे झालं,” असं वकील सांगतात. करायलाच हवं. पण मृत्युपत्र न करता गेलेल्यांसाठीच हा कायदा आहे, आणि तरुण माणसं मृत्युपत्र करून अपघातात सापडत नाहीत. “आईबापांनी वाढवलं, त्यांचं काय?” असंही विचारतात. रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर हा कायदाच चुकीचं देतो. मूल असलं की अवलंबून असलेली आई उघड्यावर, आणि मूल नसलं की खाऊनपिऊन सुखी बापाला अर्धं घर. गरज पाहून वाटा ठरवा, एवढंच आमचं म्हणणं.

आमच्या मागण्या:

१. मूल नसेल तर राहतं घर हयात जोडीदाराला पूर्ण मिळावं.
२. आईचा हक्क वडिलांच्या बरोबरीचा व्हावा.
३. अवलंबून असलेल्या आईवडिलांना, मुलं असली तरी, मालमत्तेतून निर्वाह मिळावा.
४. विवाह अधिकाऱ्याने दाखल्याबरोबर वारशाचे नियम मराठीत लेखी द्यावेत.

कायदा बदलेपर्यंत प्रत्येक जोडप्याने चार गोष्टी कराव्यात.

आपला दाखला काढा आणि तो कोणत्या कायद्याखाली दिला आहे ते वाचा. धार्मिक विधीने लग्न करून महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली नुसती नोंदणी केली असेल, तर तो विशेष विवाह नव्हे आणि कलम २१ लागत नाही.

नॉमिनीवर विसंबू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. सोसायटीने फ्लॅट नॉमिनीच्या नावे केला, तरी वारसांचा हक्क उरतोच.

दोघांनी वेगवेगळी मृत्युपत्रं करा. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. ज्यांना काहीही मिळणार नाही अशा दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि त्यांच्याही सह्या घ्या. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण घरचा विरोध असेल तर जरूर करा. लग्नाआधीचं मृत्युपत्र असेल तर त्यावर न थांबता नवीन करा.

आणि घर घ्याल ते दोघांच्या नावावर, हिस्सा लिहून.

“वेगळ्या धर्मात लग्न केलं, आता वडिलोपार्जित जमिनीत तुझा वाटा नाही,” असं कोणी सांगितलं तर मानू नका. कलम १९ प्रमाणे हिंदू एकत्र कुटुंबातला माणूस अशा लग्नाने कुटुंबापासून विभक्त होतो. विभक्त होणं म्हणजे वाटा जाणं नव्हे, वाटा वेगळा होणं. मुलगा असो की मुलगी, तो मागण्याचा हक्क तुमचाच आहे. सातबाऱ्यावरून नाव कमी करण्यासाठी हक्कसोडपत्रावर सही मागतील. करू नका.

हे पत्रक आपल्या आमदार-खासदारांना द्या, आणि ज्या घरात असं लग्न ठरलं असेल तिथे आधी पोचवा.

आंतरधर्मीय विवाह केलेल्या काही दांपत्यांच्या वतीने