अर्धे बोधचिन्ह आणि आरशाचा मोह

विज्ञान प्रदर्शनातील एका तक्त्यावर पुनर्वापराचे ते तीन बाणांचे चिन्ह मी पाहिले. मूळ छायाचित्रात ते कडेला अर्धे कापले गेले होते. मुलांनी उरलेल्या उजव्या अर्ध्याचे आरशातले प्रतिबिंब डावीकडे चिकटवले होते. चित्र डौलदार दिसत होते, पण खालच्या बाजूला बाण समोरासमोर धडकत होते. फिरत राहण्याचा अर्थच त्यातून गेला होता!

चूक कोठे झाली? या चिन्हात आरशाची सममिती नाही, फिरण्याची आहे. ते १२० अंशांनी फिरवले की पुन्हा पहिल्यासारखे दिसते. म्हणून हातातील अर्धा भाग उलटवायचा नाही, फिरवायचा.

त्यासाठी आधी केंद्र शोधा. एका बाणावरील बिंदू शेजारच्या बाणावरील तशाच बिंदूला जोडा आणि त्या रेषेचा लंबदुभाजक काढा. बिंदूंची आणखी एक जोडी घेऊन तेच करा. दोन दुभाजक छेदतात तेथे केंद्र. आता अर्धा भाग पारदर्शक कागदावर गिरवा, केंद्रावर टाचणी रोवा आणि कागद १२० व २४० अंशांनी फिरवून रेषा उतरवा. आपल्याजवळ १८० अंशांचा भाग आहे, गरज फक्त १२० अंशांची. उरलेल्या ६० अंशांत फिरवलेल्या रेषा मूळ रेषांवर येतात. तीच आपली परीक्षा. केंद्र १ मिलिमीटर चुकले, तर तेथे रेषा सुमारे १.७ मिलिमीटर सरकून दुहेरी दिसतील.

रेषा तंतोतंत जुळल्या, तर डावा अर्धा नक्की सापडला असे म्हणावे काय? माझे उत्तर 'नाही' असे आहे. हे चिन्ह गॅरी अँडरसन या अमेरिकन विद्यार्थ्याने १९७० मध्ये एका स्पर्धेसाठी काढले. ती पीळ दिलेली पट्टी, म्हणजे मोबियस पट्टी आहे. त्याच्या आकृतीत दोन बाणांच्या घड्या एका तऱ्हेच्या, तर तिसऱ्याची उलट आहे. पुढे प्रचारात आलेल्या बहुतेक आकृत्यांत मात्र तिन्ही घड्या सारख्याच असतात. समजा, ती वेगळी घडी डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात होती. तो कोपरा तर संपूर्ण कापला गेला आहे! आपली परीक्षा फक्त उरलेल्या भागात चालते, त्यामुळे तेथे सर्व जुळेल आणि तरीही घडी चुकेल.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की रचलेला अर्धा भाग तुटक रेषेने दाखवा आणि खाली लिहा : 'तिन्ही बाण सारखे मानून काढला.' शिक्षकांनीही गुण द्यायचे, ते त्या ओळीला द्यावेत. सममिती हे आपण धरलेले गृहीत आहे. कापलेल्या कागदाने दिलेली ती साक्ष नव्हे. दुसरे पूर्ण छायाचित्र मिळाले, की मगच तुटक रेषा सलग करावी.