नवख्या प्रेक्षकाची आवड ठरते कशी? आधी प्रदेशावरून, मग घड्याळावरून

यूट्यूबवर नव्या प्रेक्षकाने पहिली चित्रफीत उघडताच तिच्याखाली पुढच्या चित्रफितींची रांग लागलेली असते. या प्रेक्षकाविषयी यंत्रणेला जवळजवळ काहीच ठाऊक नसते. मग ही निवड होते कशी? कंपनीतील पॉल कोव्हिंग्टन, जे अ‍ॅडम्स आणि एम्रे सार्गिन या अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात याचे बरेचसे थेट उत्तर सापडते. त्यानंतर यंत्रणेत पुष्कळ बदल झाले असले, तरी शिफारशींचा मूळ सांगाडा समजून घेण्यास तो आजही उपयुक्त आहे.

निवड दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात प्रचंड साठ्यातून काही शे चित्रफिती वेगळ्या काढल्या जातात. त्यासाठी प्रेक्षकाने पूर्वी काय पाहिले आणि काय शोधले याची सरासरी काढून, तशाच सवयी असलेल्या इतरांनी पुढे काय पाहिले याचा अंदाज बांधला जातो. नव्या प्रेक्षकाच्या बाबतीत ही पाटी कोरी असते. ती पोकळी भरण्यासाठी त्याचा प्रदेश, उपकरणाचा प्रकार आणि उपलब्ध असल्यास वय व लिंग ही माहिती वापरली जाते, असे निबंधात म्हटले आहे. थोडक्यात, व्यक्तीची ओळख पटेपर्यंत तिच्या आसपासच्या समूहाची आवड तिचीच मानली जाते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी भाषकांना याचा अर्थ चटकन कळावा. समजा, इंदूरमधील एका मराठी घरात नवे खाते उघडले गेले. प्रदेशाच्या आधारे बांधलेला पहिला अंदाज स्वाभाविकपणे हिंदीकडे झुकेल. घरात कीर्तन किंवा नाट्यसंगीत ऐकले जाते, हे यंत्रणेला कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे प्रत्यक्ष कृती. आजीने एकदा कीर्तन शोधले आणि अर्धा तास ऐकले, तर कोऱ्या पाटीवरची ती एकमेव नोंद सरासरीत मोठा वाटा उचलते. शेकडो नोंदी असलेल्या जुन्या खात्यावर त्याच शोधाचा परिणाम नगण्य ठरला असता. म्हणूनच नव्या खात्यावरील पहिले काही शोध पुढील कित्येक शोधांपेक्षा अधिक निर्णायक असतात. एकच फोन घरातील चौघे वापरत असतील, तर मात्र ही सरासरी कोणाचीच नसते.

दुसऱ्या टप्प्यात निवडलेल्या चित्रफितींचा क्रम लागतो आणि येथे घड्याळ बोलते. कोण किती वेळा उघडेल यापेक्षा, एकदा दाखवल्यावर सरासरी किती वेळ पाहिले जाईल, हा निकष असतो. समजा, दोन चित्रफिती प्रत्येकी १०० वेळा दाखवल्या गेल्या. भडक मथळ्याची पहिली २० जणांनी उघडली, पण सरासरी एका मिनिटात सोडली. एकूण वेळ झाला २० मिनिटे. दुसरी पाचच जणांनी उघडली, पण सरासरी आठ मिनिटे पाहिली. एकूण ४० मिनिटे. उघडण्याच्या मोजणीत पहिली चौपट सरस, तर वेळेच्या मोजणीत दुसरी दुपटीने पुढे. फसव्या मथळ्यांना आळा घालण्यासाठी यूट्यूबने २०१२ मध्ये पाहण्याच्या वेळेला प्राधान्य दिले, त्यामागे हेच गणित होते.

या मापाची मर्यादाही उघड आहे. प्रेक्षक गुंतून पाहत होता, की फोन ओट्यावर वाजत ठेवून पोळ्या लाटत होता, हे घड्याळाला कळत नाही. शिवाय दोन मिनिटांत नेमकी माहिती देणाऱ्यापेक्षा तीच वीस मिनिटे ताणणाऱ्याला त्यातून लाभ मिळू शकतो. पुढे कंपनीने प्रेक्षकांना थेट समाधान विचारणारी सर्वेक्षणे आणि पसंतीच्या इतर खुणा जोडल्या, यातच या त्रुटीची कबुली आहे.

याहून खोल अडचण वेगळीच. दाखवूनही न उघडलेल्या चित्रफितीची नोंद होते आणि पुढच्या वेळी ती मागे ढकलली जाते. पण जी कधी दाखवलीच नाही, तिच्याविषयी नापसंतीचाही पुरावा नसतो. यंत्रणा केवळ स्वतःच्याच शिफारशींतून शिकली, तर नवे काही वर येणे अवघड होते, हे अभियंत्यांनीही ओळखले होते. त्यामुळे इतर संकेतस्थळांवर पाहिलेल्या चित्रफितींच्या नोंदीही तिला शिकवण्यासाठी वापरल्या गेल्या. इंदूरच्या त्या घरात कोणी मराठीत काही शोधलेच नाही, तर मराठी चित्रफिती मागेच राहतील आणि त्या का मागे राहिल्या, हे आकडेवारीत कोठेही दिसणार नाही.

ऑगस्ट २०२३ पासून, पाहण्याचा इतिहास बंद ठेवणाऱ्या आणि पूर्वीची पुरेशी नोंद नसलेल्या खात्यांना यूट्यूबच्या मुखपृष्ठावर शिफारशी दिसेनाशा झाल्या. तेथे उरते ती प्रामुख्याने शोधाची चौकट.