सहलीचा आल्बम आणि गावांची सरमिसळ

आपल्या इतिहास विभागाच्या कपाटात १९८१ सालच्या हिवाळी सहलीचा एक आल्बम आहे. तीन दिवसांची बसची सहल होती. नांदेडहून कंधार, तेथून उदगीर, पुढे निलंगा, किल्लारी, खरोसा, औसा आणि लातूर करून परत नांदेड, असा तिचा मार्ग. छायाचित्रे शंभराच्या आसपास आहेत, पण ती चिकटवताना ज्याच्या हाती जे आले ते त्याने लावलेले दिसते. कंधारच्या तटाशेजारी खरोशाचे लेणे येते आणि लातूरच्या गंजगोलाईनंतर पुन्हा कुठल्याशा किल्ल्याचा दरवाजा. कुठे मथळा आहे, कुठे नाही. यंदा विभागाने ही सरमिसळ निस्तरण्याचे काम आम्हा चौघा विद्यार्थ्यांवर सोपवले. ते करताना जे मत बनले, ते येथे मांडतो.

माझे मत असे की, सहलीतले टप्पे वेगळे करताना 'हे कोणते ठिकाण?' हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावा तो 'हे कशानंतर काढले?' हा. आपण सर्वजण नेमके उलट करतो. फोटो हाती आला की दगड, कमान, बुरूज पाहून गावाचे नाव घेतो. आपल्या भागात ही पद्धत हमखास फसते. कंधार, उदगीर आणि औसा हे तिन्ही भुईकोट किल्ले. तिन्हींना खंदक, तिन्हींना तटाच्या आत तट, तिन्ही ठिकाणी कमानीचे दरवाजे आणि फारसी शिलालेख. दरवाजासमोर दहाबारा मुले उभी करून फोटो काढला की, मागे उरलेल्या चार हात भिंतीवरून किल्ला ओळखणे जाणकारालाही अवघड. मुलांचे चेहरे तर तिन्हीकडे तेच!

नावावर विसंबावे, तर नावेही फसवतात. आल्बमात एका चित्राखाली 'सिद्धेश्वर मंदिर' एवढेच लिहिले आहे. सिद्धेश्वर लातूरलाही आहे आणि देगलूर तालुक्यातल्या होट्टललाही. 'नीळकंठेश्वर' निलंग्यालाही आहे आणि किल्लारीलाही. उदगीरच्या एका चित्राखाली तर 'जि. उस्मानाबाद' असे आहे. आमच्यातल्या एकाने उस्मानाबादचा, म्हणजे आजच्या धाराशिवचा, वेगळा टप्पा धरायचे सुचवले. पण लातूर जिल्हा झाला ऑगस्ट १९८२ मध्ये. त्याआधी उदगीर, औसा, निलंगा हे तालुके उस्मानाबादेतच होते. म्हणजे मथळा बरोबर होता आणि असा टप्पा मात्र सहलीत नव्हताच.

मग क्रम कशावरून लावायचा? आल्बमाच्या मागच्या खिशात निगेटिव्हच्या कापलेल्या पट्ट्या होत्या, हे आमचे भाग्य. जुन्या फिल्मच्या कडेवर कारखान्यातच क्रमांक उमटवलेले असत. एका रोलमध्ये छत्तीस चित्रे आणि स्टुडिओवाला सहासहांच्या पट्ट्या कापून देई. त्यामुळे एक ते सहाची पट्टी, सात ते बाराची पट्टी अशी जुळणी करता येते. हे क्रमांक रोलच्या आतला क्रम सांगतात, रोल कोणता ते सांगत नाहीत. सुदैवाने आमच्या तीन रोलपैकी एकाच्या कडेवर 'इंदू' तर दुसऱ्याच्या कडेवर 'ओर्वो' अशी छापाची नावे होती, आणि तिसरा 'इंदू' असूनही त्याच्या निगेटिव्ह बऱ्याच फिकट उतरल्या होत्या. तेवढ्यावर पट्ट्या तीन ढिगांत पडल्या. कोणता रोल आधीचा, हे नांदेडच्या निरोपाच्या चित्राने आणि लातूरच्या गंजगोलाईने सांगितले.

यानंतर ज्यांच्याबद्दल वादच नाही अशी चित्रे खुंट्या म्हणून ठोकायची. बसस्थानकाची वाचता येणारी पाटी ही पक्की खुंटी. खरोशाची लेणी ही दुसरी, कारण ती जांभ्या दगडात खोदलेली आहेत आणि जांभ्याचा भोकाभोकांचा पृष्ठभाग काळ्यापांढऱ्या चित्रातही लपत नाही. मधली चित्रे मग दोन खुंट्यांच्या दोरीवर आपोआप वाळत पडतात.

एक उदाहरण देतो. किल्ल्याच्या एका दरवाजाचे चित्र आल्बमात उदगीरच्या पानावर होते. त्याची निगेटिव्ह शोधली तेव्हा ती तिसऱ्या रोलच्या एकोणीस ते चोवीसच्या पट्टीत सापडली. एकोणीस आणि वीस या चित्रांत खरोशाचे खांब, एकविसात हा दरवाजा, बाविसात खंदक, तेविसात शिदोरी सोडून बसलेली मुले आणि चोविसात गंजगोलाई. खरोशाहून लातूरला येताना वाटेत किल्ला एकच, औशाचा. दगडाकडे न पाहता दरवाजाचे गाव ठरले.

पण क्रमालाही मर्यादा आहे आणि ती आम्हाला त्याच रोलमध्ये भेटली. नऊ क्रमांकावर निलंगा बसस्थानकाची पाटी, दहा ते बारा देवळाची चित्रे, तेरावर रस्त्यातली बस, चौदावर देवळाचा एक कोपरा आणि पंधरावर गावातली एक गल्ली. दहा ते बारा निलंगा, यात शंका नाही, कारण त्या देवळाचे तीन गाभारे आणि अनेक कोनांची बाह्य भिंत चित्रात दिसते. चौदा आणि पंधरा मात्र किल्लारीची असतील किंवा बस हलण्याआधी निलंग्यातच घेतलेली असतील. गल्लीत दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरे आहेत, आणि तशी घरे त्या काळी दोन्ही गावांत होती.

इथे कुणी म्हणेल, एका गल्लीचे एवढे काय? एवढे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने जुने किल्लारी जमीनदोस्त झाले आणि गाव दुसऱ्या जागी वसले. ती गल्ली किल्लारीची असेल, तर जी जागा आता पाहता येत नाही तिचे ते चित्र आहे. अशा चित्राला अंदाजाने 'निलंगा' म्हणणे म्हणजे ते हरवणे, आणि अंदाजाने 'किल्लारी' म्हणणे म्हणजे कुणाच्या तरी आठवणीत खोटे घर बांधणे. म्हणून आम्ही मथळा लिहिला, 'निलंगा किंवा किल्लारी, क्रमावरून ठरत नाही'. पुढची पायरी आम्ही ठरवली आहे. ते चित्र किल्लारीतल्या दोन वडीलधाऱ्यांना वेगवेगळे भेटून, गावाचे नाव न सांगता दाखवायचे. आधी नाव सांगितले की माणूस भिडेखातर हो म्हणतो.

काही प्राध्यापक म्हणतात, जुने फोटो सोडवून गावागावाची पाने नव्याने लावा. मला हे मान्य नाही. चिकटवलेले चित्र ओढले की फाटते, आणि चुकीचा का असेना, तो क्रमही कुणीतरी लावलेला पुरावा आहे. आल्बम आहे तसा ठेवावा आणि शेजारी एक वही ठेवावी. पान, जागा, रोल, निगेटिव्हचा क्रमांक, ठिकाण आणि ते कशावरून ठरवले, एवढे रकाने पुरेत. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. उद्या कुणी आमचा निर्णय बदलला, तर का बदलला हे त्याला सांगता येईल.

हे सारे जुन्या फिल्मपुरतेच आहे असे मानू नये. आजच्या सहलीचे फोटो दहा मोबाइलांवर असतात आणि व्हॉट्सॲपच्या गटात गोळा होतात. तेथे फोटो म्हणून पाठवला की काढल्याची वेळ आणि ठिकाण यांची आतली नोंद गळून पडते, आणि फाइलच्या नावातली तारीख काढल्याची नसून आल्याची असते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर नोंद टिकते. यंदाच्या सहलीला निघताना एवढे केले, तरी चाळीस वर्षांनी आपल्या कपाटापाशी उभ्या राहणाऱ्या चौघांना दगडाकडे पाहून गाव ओळखत बसावे लागणार नाही.