आपनि, तुमि आणि एक सरळ प्रश्न

गणपतीत कोलकात्यातली मराठी मंडळी जमली की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘आजकाल ऑफिसात बायकांशी साधं बोलायची सोय राहिली नाही.’ म्हणणारा बहुधा पन्नाशीचा असतो आणि त्याला कुणाशी काही बोलायचंही नसतं. पण शेजारी पंचविशीतला कुणी मोदक खात हे ऐकत असतो. त्याला मात्र खरंच कुणाशी तरी बोलायचं असतं. तो ऐकतो, मान डोलावतो आणि ठरवतो, की विचारायचं नाही, फक्त सुचवायचं. माझं भांडण या ‘सुचवण्या’शी आहे.

सहा वर्षं मी आमच्या ऑफिसच्या अंतर्गत समितीवर होते. समितीपुढं जे आलं ते सांगता येत नाही. 2013च्या कायद्यात तशी स्पष्ट मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. म्हणून जे समितीपुढं आलंच नाही, ते सांगते.

विदर्भातला एक मुलगा बदली होऊन सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये आमच्याकडे आला. दुसऱ्या विभागातली, त्याच्याच हुद्द्याची एक मुलगी त्याला आवडू लागली. मराठी बोलायला मिळतं म्हणून तो माझ्याकडे यायचा. एक दिवस म्हणाला, ‘ताई, मला वाटतं तिच्याही मनात आहे.’ मी विचारलं, कशावरून? तर म्हणे, ‘ती मला तुमि म्हणते.’

हे जरा उलगडून सांगायला हवं. बंगालीत आदराचा शब्द ‘आपनि’, जवळिकीचा ‘तुमि’ आणि अगदी लंगोटीयारांचा ‘तुइ’. आपल्या कानाला ‘तुमि’ हुबेहूब ‘तुम्ही’ वाटतं. या बिचाऱ्यानं आल्या दिवसापासून सगळ्यांना, तिलाही, आदरानं ‘तुमि’ म्हणायला सुरुवात केली होती. बंगाली कानाला ते आपल्या अरे-तुरेकडे झुकणारं. तिनं मोठ्या मनानं तसंच उत्तर दिलं; इथल्या ऑफिसांत बरोबरीची माणसं एरवीही ‘तुमि’वर येतातच. चार महिन्यांनी कुणीतरी त्याला फरक समजावला, आणि त्यानं मागचे चार महिने नव्यानं वाचून काढले. तिनं हिवाळ्यात नोलेन गुळाचा संदेश दिला होता, तोही पुराव्यात दाखल झाला. तो संदेश तिनं आमच्या अख्ख्या रांगेला दिला होता. मलाही.

चूक व्याकरणाची होती, पण खुणा वाचणारा प्रत्येक जण हेच करतो. आपण वाढलो ते नजरेच्या भाषेचं कौतुक करणाऱ्या कथा वाचून आणि नकाराला होकाराची पहिली पायरी मानणारे सिनेमे पाहून. ऑफिसात समोरची व्यक्ती हसते, कारण तिला तुमच्याबरोबर काम करायचं आहे. ती रात्री अकराच्या निरोपाला उत्तर देते, कारण न द्यावं तर उद्या तुम्ही तिची फाइल अडवाल की काय, अशी धास्ती असते. तिथलं सौजन्य हा नोकरीचा भाग असतो, आणि त्याला खूण समजणं म्हणजे पगारी हसण्याचं बिल तिच्याच नावानं फाडणं.

सुचवणं सभ्य दिसतं. मला ते विचारण्यापेक्षा उद्धट वाटतं. विचारलं तर ‘नाही’ म्हणता येतं. सुचवणाऱ्याला काय म्हणणार? पुस्तक दिलं, साडीचं कौतुक केलं, मित्राकरवी चिडवलं, पुजोला ‘सहज’ भेट आणली. यातलं एकही नाकारता येत नाही, कारण त्यानं काही मागितलेलंच नसतं. ती नाराजी दाखवेल तर ‘हिचं भलतंच’, गप्प राहील तर ‘हिलाही आवडतं’. हे महिनोन्‌महिने चालतं. कायद्यानं जो शब्द कळीचा मानला आहे तो म्हणजे ‘नकोसं’ : लैंगिक स्वरूपाचं नकोसं वर्तन, मग ते शब्दांतलं असो वा शब्दांवाचूनचं. बरोबरीच्या सहकाऱ्याला एकदा, नीट, चहाला येशील का विचारणं यात बसत नाही. नकोसं आहे हे कळल्यावरही चालू ठेवलेलं बसू शकतं, आणि नकारानंतर कामात काढलेला वचपा तर नक्कीच गंभीर. त्यामुळे ‘सोय राहिली नाही’ हे खोटं आहे. सोय गेली ती न विचारता घुटमळण्याची.

त्या मुलाचा बेत ऐकण्यासारखा होता. कंपनीच्या रात्रीच्या गाडीत दोघं एकाच मार्गावर. तिथं बोलणार होता. मी म्हटलं, अरे, चालत्या गाडीतून ती उतरणार कुठं? शिवाय कंपनीनं दिलेली गाडी हीसुद्धा कायद्यानं कामाची जागाच. दुसरा बेत, वाढदिवसाला सगळ्यांसमोर फुलं. म्हणजे तिनं पंधरा जणांच्या टाळ्यांविरुद्ध नकार द्यायचा. मित्राला मध्ये घालायचं म्हणाला, तेही मी मोडून काढलं : मित्राला कळलं की मजल्याला कळलं, आणि मग नकार फक्त तुझ्यापुरता राहत नाही.

एक गोष्ट मी आधीच विचारून घेतली होती. तुझ्या हातात तिचं काही आहे का? मूल्यांकन, रजा, शिफ्ट? काहीच नव्हतं. असतं तर मी पुढं बोललेच नसते. ज्याच्या सहीनं पगारवाढ होते त्याच्या प्रश्नाला मोकळं उत्तर देता येत नाही; त्यानं आधी ती साखळी सोडावी, नाहीतर गप्प राहावं.

शेवटी त्यानं संध्याकाळी, सेक्टर फाइव्ह मेट्रोच्या जिन्याखाली, भांड्यातला चहा संपवून विचारलं. तिला मेट्रो धरायची होती, त्याला बस; दोन मिनिटांत दोघं वेगळ्या दिशेला जाणार होती. मोडक्या बंगालीत आणि मुद्दाम ‘आपनि’ वापरून तो म्हणाला, ‘मला तुम्हाला एकदा ऑफिसबाहेर भेटायला आवडेल. कामासाठी नाही. नको असेल तर नको म्हणा, मी परत विचारणार नाही.’ त्या ‘आपनि’नं तिच्यात आणि त्याच्यात पुन्हा एक हात अंतर ठेवलं, आणि त्या अंतरावरून तिला उत्तर देता आलं.

ती म्हणाली, ‘नको.’ कारण दिलं नाही. त्यानं मागितलं नाही. ‘मी विचार करून सांगते’ म्हणाली असती आणि पुढं काही बोलली नसती, तरी त्याचा अर्थ ‘नको’च, हे आम्ही आधी ठरवलं होतं.

आता अवघडलेपणाचं. पुरुष विचारतात, नकारानंतर तोंड कसं दाखवायचं? तिचं तोंड कुणी विचारत नाही. त्यानं तोंड दाखवलं, हेच त्याचं बरोबर. मंगळवारची दोन्ही विभागांची बैठक त्यानं चुकवली नाही. जेवणाचं टेबल बदललं नाही. रात्री ‘माफ करा, मी वाईट माणूस नाही’ असा लांबलचक निरोप पाठवला नाही. तसला निरोप म्हणजे नकार देणाऱ्याकडूनच सांत्वन उकळणं. फक्त गाडीत तो पुढं, चालकाशेजारी बसू लागला. पहिले दोन आठवडे ती त्याच्याशी कागदापुरतं बोलायची. त्यानं तेही चालवून घेतलं, स्वतःहून मोकळेपणाचं नाटक केलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात बैठकीत त्याच्या आकड्यांत चूक निघाली. तिनं ती सगळ्यांसमोर दाखवली. त्यानं वही पुढं ओढली आणि बेरीज पुन्हा केली. ‘तुमिच बरोबर,’ तो म्हणाला, आणि जीभ चावून, ‘आपनि.’ ती म्हणाली, ‘तुमि चालेल.’