कापले, पण भरले का?

गेल्या रविवारी औद्योगिक वसाहतीतल्या एका कामगार पतसंस्थेच्या सभेला गेलो होतो. अहवाल, ताळेबंद, लाभांश हे विषय झाले आणि थकबाकीदारांची यादी वाचायला सुरुवात झाली. तिसऱ्याच नावावर एक जण उठला. खिशातून घडी घातलेली पगाराची स्लिप काढून म्हणाला, "चिटणीस साहेब, माझा हप्ता तीन महिने पगारातून कापलाय. हे बघा. मी थकबाकीदार कसा?" चिटणिसांनी शांतपणे सांगितलं, "भाऊ, कंपनीनं कापला असेल. आमच्याकडे आला नाही."

त्यानंतर मला दहा मिनिटं बोलायचं होतं. विषय भविष्यनिर्वाह निधीचा, म्हणजे पीएफचा. मनात जुळवून आणलेली सुरुवात बाजूला ठेवली आणि त्या स्लिपपासूनच सुरुवात केली. पतसंस्थेचा हप्ता आला नाही तर चिटणीस निदान सभेत नाव वाचून दाखवतात. पीएफ भरला गेला नाही तर कुणीच नाव वाचत नाही. स्लिपवर कपात दिसते, आपण मान डोलावतो आणि पुढे वीस वर्षं निघून जातात. कपात हा आपल्या मालकाच्या वहीतला आकडा आहे, भरणा हा पीएफ कार्यालयाच्या वहीतला. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्याशिवाय काहीच कळत नाही.

पीएफच्या पासबुकात दर महिन्याला तीन आकडे येतात. पुष्कळांना वाटतं दोनच असतात, आपला आणि मालकाचा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून समजा १२,००० रुपये आहेत. त्याचे १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये आपल्या पगारातून कापले जातात. तेवढेच १,४४० मालकाने आपल्या पदरचे घालायचे असतात, पण ते सगळे पीएफमध्ये जात नाहीत. पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे १,००० रुपये, पेन्शनच्या खात्यात जातात आणि उरलेले ४४० पीएफमध्ये. म्हणून पासबुकात त्या महिन्याच्या ओळीत १,४४०, ४४० आणि १,००० असे तीन आकडे दिसले पाहिजेत. पेन्शनचा आकडा १५,००० रुपयांच्या पगारावर मोजतात, त्यामुळे पगार त्याहून जास्त असला तरी तो साधारणपणे १,२५० वर थांबतो. तो आकडा वाढत नाही म्हणून घाबरू नका. पहिला आकडा मात्र स्लिपवरच्या कपातीशी रुपयाला रुपया जुळला पाहिजे.

एवढं सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतले एक काका म्हणाले, "साहेब, मी दर महिन्याला मिस कॉल देतो की. बॅलन्सचा मेसेज येतो."

9966044425 या नंबरवर नोंदवलेल्या मोबाइलवरून मिस कॉल दिला की शिल्लक आणि शेवटचा भरणा कळतो, हे खरं. पण गोची तिथेच आहे. मेसेज फक्त शेवटचा भरणा सांगतो. मधला एखादा महिना गळला असेल तर तो त्यात दिसत नाही. शिल्लक लाखाच्या घरात असते, त्यात चौदाशे कमी आहेत की जास्त, हे नुसत्या नजरेला कळत नाही. गळती शोधायची तर passbook.epfindia.gov.in वर किंवा उमंग ॲपमध्ये आपला यूएएन टाकून पासबुक उघडायचं आणि महिन्यांच्या ओळी बोटाने मोजायच्या. वर्षाला बारा.

काकांचं पासबुक आम्ही सभा संपल्यावर तिथेच उघडलं. ते कंत्राटी कामगार, पॅकिंगला. कंपनी तीच, गेट तेच, पण ठेकेदार मात्र २०२१ च्या जूनमध्ये बदललेला. ठेकेदार बदलला की यूएएन तोच राहतो, पण त्याखाली नवा मेंबर आयडी उघडतो, म्हणजे पासबुकं दोन. काकांना दुसऱ्या पासबुकाचीच माहिती होती. पहिलं उघडलं तर शेवटची ओळ एप्रिल २०२१ च्या पगाराची. दुसऱ्याची पहिली ओळ जुलैच्या पगाराची. मे आणि जून कुठेच नाहीत. काकांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या स्लिपांमध्ये मात्र दोन्ही महिन्यांची १,४४० ची कपात स्वच्छ छापलेली होती. मेची स्लिप जुन्या ठेकेदाराची, जूनची नव्याची.

इथे एक गोष्ट जपून पाहावी लागते. पासबुकात 'Due-Month' असं लिहिलेलं असतं, ते पगाराच्या महिन्यापेक्षा एक महिना पुढे चालतं. एप्रिलच्या पगाराचा भरणा १५ मेपर्यंत करायचा असतो, म्हणून तिथे मे महिना लिहिलेला दिसतो. शेजारच्या रकान्यातला पगाराचा महिना धरूनच जुळवणी करायची, नाहीतर नसलेली गळती दिसते आणि असलेली दिसत नाही. मागच्या महिन्याच्या पगाराची ओळही २० तारखेच्या आत शोधू नये. पैसे भरल्यावर ओळ उमटायला काही दिवस जातात. वर्षाचं व्याजही उशिरा जमा होतं, त्यात ठेकेदाराचा दोष नसतो.

काकांचे दोन महिन्यांचे तिन्ही आकडे मिळून ५,७६० रुपये होतात. त्यावर पाच वर्षांचं व्याज. शेजारी उभा असलेला एक तरुण म्हणाला, "काका, सोडा ना. सहा हजारांसाठी कुठे खेटे घालता?" मीही कदाचित तसंच म्हणालो असतो. पण काकांचं वय विचारलं. पुढच्या वर्षी अठ्ठावन्न पूर्ण होतात, आणि पेन्शनची वर्गणी अठ्ठावन्नाव्या वर्षी थांबते. तोवरचे सगळे महिने मोजले तर पासबुकाप्रमाणे त्यांची सेवा ९ वर्षं ५ महिने भरते. पेन्शनला १० वर्षं लागतात. नियम असा की सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा उरलेला भाग पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे ९ वर्षं ६ महिने झाले की दहा धरली जातात. ९ वर्षं ५ महिन्यांना ती सोय नाही, पेन्शनऐवजी एकदाच काही रक्कम हातावर पडते. मे आणि जून मिळवले तर सेवा होते ९ वर्षं ७ महिने. त्या दोन गळलेल्या महिन्यांवर काकांची आयुष्यभराची आणि त्यांच्यामागे काकूंची पेन्शन उभी आहे.

नियमाच्या भाषेत वर्गणी 'मिळालेली' किंवा 'मिळायला हवी असलेली' दोन्ही धरायची आहे, म्हणजे कायदा काकांच्या बाजूचा आहे. पण खिडकीपलीकडचा संगणक नोंदलेले महिने मोजतो. जे नोंदलं नाही ते आपल्याला कागदाने सिद्ध करावं लागतं. म्हणून स्लिप हा सगळ्यात मोलाचा कागद. ठेकेदार गेला, त्याचं कार्यालय बंद झालं, तरी पैसे कापल्याचा पुरावा आपल्या पिशवीत राहतो. स्लिप मिळतच नसेल तर मागा, तीही लेखी.

दुसऱ्या प्रकारची गळती याहून चोरपावलांनी येते. ओळ असते, पण आकडा लहान असतो. मालक दर महिन्याला जे विवरण भरतो त्यात बिनपगारी दिवसांचा एक रकाना असतो. माणूस सव्वीस दिवस राबलेला आणि तिथे दहा दिवस बिनपगारी दाखवलेले, असं घडतं. पगार कमी दाखवला की वर्गणी कमी. स्लिपवर १,४४० आणि पासबुकात ९६० दिसले, तर आपल्याच पगारातले ४८० कुणाच्या तरी खिशात राहिले. वर मालकाचा वाटाही तेवढाच आखडला. ही चोरी ओळी मोजून सापडत नाही, आकडे जुळवूनच सापडते.

या पैशाकडे कायदा कसा पाहतो, हेही सभेत सांगितलं. कामगाराच्या पगारातून कापलेली वर्गणी मालकाकडे विश्वासाने सोपवलेली ठेव मानतात. ती न भरणं हा फौजदारी विश्वासघात ठरतो. पूर्वी भारतीय दंड संहितेत तो होता, आता न्याय संहितेत आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेकमेट सर्व्हिसेसच्या आयकर प्रकरणात हाच धागा धरला: कामगाराचा वाटा मुदतीत भरला नाही तर मालकाला त्याची करात वजावटही मिळत नाही. आणि ठेकेदार पळाला म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत. ज्याच्या कारखान्यात काम झालं त्या मूळ मालकावर वर्गणी भरण्याची जबाबदारी येते, त्याने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी.

पण आता घड्याळ चालू आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने थकीत वर्गणीची चौकशी सुरू करायला पाच वर्षांची मुदत घातली आहे. जुन्या कायद्यात अशी मुदत नव्हती. जुन्या थकबाकीला ती कशी लागू करायची आणि पाच वर्षं नेमकी कुठून मोजायची, यावर वकील भांडतील. कामगाराने मात्र त्या भांडणाच्या भरवशावर राहू नये. मला हे कलम कामगारांवर अन्याय करणारं वाटतं. पैसे भरले गेले नाहीत हे ज्याला कुणी सांगतच नाही, त्याच्या अज्ञानाचे दिवसही त्याच्याच खात्यावर मोजले जातात. काकांचे मे आणि जून २०२१ चे होते. हातात फक्त काही महिने.

म्हणून त्या संध्याकाळी संस्थेच्या टेबलावरच अर्ज लिहिला. यूएएन, दोन्ही मेंबर आयडी, दोन्ही ठेकेदारांची नावं, मूळ कंपनीचं नाव, न भरलेले महिने, सोबत दोन स्लिपांच्या प्रती. एक प्रत कंपनीला पोचपावती घेऊन, एक पीएफ कार्यालयाला. दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' या नावाने पीएफचे अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यात बसतात, तिथे काका स्वतः जाणार आहेत. जाण्यापूर्वी पीएफच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधून जुन्या ठेकेदाराने मेच्या पगाराचा मुळी भरणा केला होता का, किती कामगारांचा केला, हेही पाहिलं. भरणाच नव्हता. म्हणजे गळलेले एकटे काका नाहीत, तेव्हाचं सगळं पॅकिंग खातं आहे.

संस्थेने आता ठरवलंय की कर्जाच्या अर्जासोबत गेल्या बारा महिन्यांच्या पासबुकाची प्रत मागायची. कर्ज नाकारायला नव्हे, ओळी मोजायला. ज्यांच्या कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट आहे त्यांना पीएफच्या संकेतस्थळावर पासबुक दिसणार नाही, त्यांनी ट्रस्टकडून वार्षिक उतारा लेखी मागावा.

वाचकहो, विशेषतः ज्यांचा ठेकेदार गेल्या पाच वर्षांत बदलला आहे त्यांनी, दोन्ही मेंबर आयडीची पासबुकं उघडा आणि बदलाच्या आगेमागेचे तीन-तीन महिने स्लिपशी जुळवा. महिना सापडला नाही तर या महिन्याच्या २७ तारखेच्या आत अर्ज तयार ठेवा.