‘पैसे मिळाले, धन्यवाद’ हे प्रायोजकाला पुरेसं उत्तर नाही

प्रदर्शन, मेळावा, मॅरेथॉन, फूड फेस्टिव्हल भरवणाऱ्यांची प्रायोजकाशी भांडणं होतात, ती क्वचितच पैसे न आल्यामुळे होतात. बहुतेक वेळा पैसे आलेले असतात, पण निम्मेच. आणि त्या निम्म्या पैशात काय काय द्यायचं, हे कुठंच लिहिलेलं नसतं. करारात एकीकडे हप्ते असतात, दुसरीकडे फायद्यांची यादी असते, पण दोघांना जोडणारी ओळच नसते. माझं मत असं की ती ओळ पैसे मिळाल्याच्या पत्रात लिहायची, प्रत्येक हप्त्याला, त्याच दिवशी.

एक हिशेब घेऊ. समजा, तुम्ही ताई साताऱ्यात १० ते १२ ऑक्टोबरला दिवाळी खरेदी प्रदर्शन भरवताय. एक पतसंस्था मुख्य प्रायोजक आहे. ठरलेली रक्कम १,५०,०००. हप्ते तीन: ५ सप्टेंबरला ५०,०००, २५ सप्टेंबरला ७५,००० आणि कार्यक्रम झाल्यावर सात दिवसांत २५,०००. बदल्यात ५,००० पत्रकांवर आणि चार फ्लेक्सवर नाव, प्रवेशद्वाराची कमान, एक स्टॉल, स्टेजवरून रोज चार वेळा घोषणा आणि बक्षीस वाटपाचा मान.

आता बहुतेक जण काय करतात? एकूण रकमेच्या तिसरा हिस्सा आला, म्हणून तिसरा हिस्सा फायदे द्यायचे असं मनात धरतात. पण एक तृतीयांश कमान कशी उभी करणार? फायदे टक्क्यांत तुटत नाहीत. म्हणून प्रत्येक फायदा एकाच हप्त्याला पूर्ण बांधायचा. तो कुठल्या हप्त्याला बांधायचा, हे एकाच प्रश्नावर ठरवा: हे काम एकदा केलं की परत घेता येतं का?

छापलेलं पत्रक परत घेता येत नाही, म्हणून पत्रक आणि फ्लेक्स पहिल्या ५०,००० ला. कमानीची ऑर्डर आधी द्यावी लागते आणि स्टॉलची जागा अडते, म्हणून हे दोन्ही दुसऱ्या हप्त्याला. त्यातही आकडा फोडून ठेवा: कमान ५०,०००, स्टॉल २५,०००. घोषणा आणि बक्षीस वाटप कार्यक्रमातच होतं, म्हणून ते शेवटच्या २५,००० ला. हे पैसे नंतर येणार, म्हणजे इथे तुम्ही उधारीवर काम करताय. ही उधारी मुद्दाम लहान ठेवायची. शेवटचा हप्ता ‘कार्यक्रम समाधानकारक झाल्यावर’ असं कधीच लिहू नका. समाधान मोजता येत नाही. ‘बारा घोषणांचे व्हिडिओ आणि बक्षीस वाटपाचे फोटो पाठवल्यावर सात दिवसांत’ असं लिहा. हे मोजता येतं.

आता खरी परीक्षा. २६ सप्टेंबरला बँकेत ४९,५०० जमा झाले. तुम्ही ७५,००० ची वाट बघत होता. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात मिसळल्या आहेत. पहिली, पतसंस्थेनं ५०,००० दिले आणि त्यातले एक टक्का, म्हणजे ५०० रुपये, टीडीएस कापले. बॅनर लावून प्रसिद्धी देण्याच्या प्रायोजकत्वाला आयकर खातं जाहिरातीच्या कामासारखंच धरतं, म्हणून हा टीडीएस कापला जातो. एकट्याच्या नावावर धंदा असेल तर एक टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर दोन टक्के. हे ५०० बाकी नाहीत. ते तुमच्या पॅनवर जमा व्हायला हवेत, आणि झाले की नाही हे तुम्ही आयकराच्या पोर्टलवर बघायचं. दुसरी गोष्ट, २५,००० खरोखर बाकी आहेत. पत्रात नुसतं ‘४९,५०० मिळाले, २५,५०० बाकी’ असं लिहिलंत, तर तुम्ही प्रायोजकाकडं ५०० जास्त मागताय आणि त्याचा अकाउंटंट चिडणार, हे नक्की. (जीएसटी या उदाहरणात धरलेला नाही. रक्कम त्यासह की त्याशिवाय, हे करारातच सीएला विचारून लिहून घ्या.)

मग पत्र असं लिहायचं:

‘आपला दुसऱ्या हप्त्यापोटी भरणा मिळाला. बँकेत जमा ४९,५००, टीडीएस ५००, एकूण धरलेली रक्कम ५०,०००. यूटीआर क्रमांक अमुक, दिनांक २६ सप्टेंबर.

या रकमेतून प्रवेशद्वाराची कमान नक्की झाली. १ ऑक्टोबरला ऑर्डर देत आहोत. लोगोची फाइल ३० तारखेपर्यंत द्यावी.

पहिल्या हप्त्यातील पत्रके व फ्लेक्स पूर्ण झाले, फोटो सोबत जोडले आहेत.

दुसऱ्या हप्त्यातील २५,००० येणे आहेत. त्यावर स्टॉल अवलंबून आहे. ३ ऑक्टोबरच्या संध्याकाळपर्यंत रक्कम आल्यास स्टॉल आपला, नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतील पुढच्या व्यक्तीला दिली जाईल आणि ही रक्कम आपल्याकडून मागितली जाणार नाही.

कमानीऐवजी आधी स्टॉल हवा असल्यास ३० तारखेपर्यंत कळवावे.

तिसरा हप्ता २५,०००, घोषणा आणि बक्षीस वाटपासाठी, ठरल्याप्रमाणे.’

बघा, यात चार गोष्टी दिसतात: काय मिळालं, त्यातून काय नक्की झालं, काय देऊन झालं, आणि काय कशावर अडलंय. शेवटून दुसरं वाक्य विसरू नका. पैसे कमी आले की आधी कुठला फायदा द्यायचा, हा हक्क प्रायोजकाचा आहे. तुम्ही परस्पर ठरवलंत, की तो म्हणणार, ‘आम्हाला कमान नकोच होती, स्टॉलवर ठेवी गोळा करायच्या होत्या.’ आणि त्याचं बरोबर असेल.

पैसे चेकनं आले असतील तर हे पत्र चेक वटल्यावरच पाठवा. हातात चेक आला त्या दिवशी फक्त ‘चेक मिळाला’ एवढंच कळवा. नाहीतर कमान उभी राहते आणि चेक परत येतो.

काही जण म्हणतील, ‘सर, एवढं लिहिलं तर ओळखीचे लोक दुखावतील.’ माझा अनुभव उलटा आहे. पतसंस्थेच्या मॅनेजरला संचालक मंडळापुढं उत्तर द्यायचं असतं, की पैसे देऊन आपल्याला काय मिळालं. तुमचं पत्र म्हणजे त्याच्यासाठी तयार उत्तर आहे. दुखावतं ते ऐन दहा तारखेला सकाळी गेटवर झालेलं बोलणं.

अर्थात, पाच हजार एकरकमी देऊन एक बॅनर लावणाऱ्या दुकानदाराला हे सगळं पाठवू नका. तिथं पावतीवरच ‘एक बॅनर, तिन्ही दिवस, स्टेजच्या डावीकडे’ एवढी ओळ पुरे. हप्ते एकाहून जास्त झाले, की मात्र जोडणी लिहायचीच.

आजच तुमचा चालू करार उघडा. प्रत्येक फायद्यापुढं हप्त्याचा क्रमांक लिहून बघा. ज्याच्यापुढं क्रमांक लिहिता येत नाही, वाद तिथंच होणार आहे. प्रायोजकाला आजच फोन करून तेवढं मिटवून घ्या.