सोडतीचा डबा उघडण्याआधी

१. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत अनेकांनी पाहिली आहे. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर घडी करून टाकल्या जातात आणि बहुधा एखादे शाळकरी मूल त्यातली एक उचलते. कोजागरीच्या लकी ड्रॉलाही हीच शिस्त हवी. समजा घरे ६४, घरटी एक कूपन, बक्षिसे ५. कूपन विकायचे नाही. पैसे घेऊन नशिबावर बक्षीस दिले की ती लॉटरी होते आणि तिला कायदा लागतो.

२. ‘हजर असेल त्यालाच बक्षीस’ हा नियम मला अन्यायाचा वाटतो. आपल्याकडे कोळसा खाणीत आणि वीज केंद्रात पाळ्या चालतात. दुसऱ्या पाळीला गेलेल्या माणसाने आणि त्याच्या एकट्या म्हाताऱ्या आईने काय करायचे? बक्षीस दुसऱ्या दिवशी घरी पोचवावे, आणि हे आदल्या दिवशीच फलकावर लिहावे.

३. खरी चूक होते ती चिठ्ठ्या कालवण्यात. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत झाली. तारखांच्या कुप्या महिन्यांच्या क्रमाने पेटीत भरल्या, पण नीट कालवल्या नाहीत. शेवटी पडलेला डिसेंबर वरच राहिला. त्याच्या ३१ तारखांपैकी जेमतेम ५ भरतीतून सुटल्या. कुणी लबाडी केली नव्हती, तरी निकाल वाकडा लागला. आपल्याकडेही कूपने इमारतीप्रमाणे गठ्ठ्याने येतात. म्हणून एकाच कागदाच्या, सारख्या घडीच्या चिठ्ठ्या आधी चादरीवर पसराव्या, हाताने कालवाव्या आणि मग मोठ्या गंजात टाकाव्या. गंज निम्माच भरावा. काठोकाठ भरला तर ढवळताना वरच्या वरच राहतात आणि तळच्या तळाशी.

४. समितीवाल्यांच्या चिठ्ठ्या गंजात असाव्यात, हात मात्र नसावा. उचललेली चिठ्ठी आधी पुढच्या रांगेतल्या कुणालाही दाखवावी. भोंग्यावर ‘सदतीस’ आणि ‘सत्तावीस’ सारखेच ऐकू येतात, तेव्हा आकडे सुटे वाचावेत. लहान बक्षीस आधी काढले म्हणून मोठ्याची संधी कुणाचीच कमी होत नाही. सुरुवातीला ती प्रत्येक घराला ६४ मध्ये १ एवढीच असते.

५. निवेदन असे करावे:

“मंडळी, ६४ चिठ्ठ्या आत्ताच तुमच्यासमोर मोजल्या. बक्षिसे पाच, एका घराला एकच. निघालेली चिठ्ठी परत आत जाणार नाही. जे कामावर आहेत त्यांचे बक्षीस उद्या घरी पोचेल. कुणाला काही विचारायचे असेल तर आत्ता विचारा. पहिली चिठ्ठी निघाल्यावर नियम बदलणार नाही.”

प्रत्येक वेळी: “पाचवे बक्षीस. क्रमांक तीन, सात. सदतीस.”

आणि शेवटी: “उरलेल्या ५९ चिठ्ठ्या टेबलावर उघडून ठेवतो आहोत. आपापली चिठ्ठी होती की नाही, येऊन पाहा. मग दूध घेऊ.”